शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्टवरचा तो मेसेज

"एलआर(०) टेबलच्या एकाच खान्यात शिफ्ट आणि रिड्यूस दोन्ही आले, म्हणजे ग्रामर अँबिग्युअस. तसं लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. रिड्यूस नेहमी अख्ख्या ओळीत भरायचं. क्लोजर फक्त I0 चं काढायचं."

परीक्षेच्या तोंडावर हे माझ्या भाचीच्या ग्रुपवरही पोहोचलं. यावर विसंबून मुलं हातचे मार्क घालवतील. हे छोटं ग्रामर घ्या:

```
0  S → E
1  E → T + E
2  E → T
3  T → id
```

`id + id + id` चा पार्स ट्री एकच निघतो, उजवीकडे वाढत जाणारा. अँबिग्युइटीला इथे जागाच नाही. तरीही I0 मधून T वर गेलं की I2 मध्ये हे दोन आयटम येतात:

```
E → T . + E
E → T .
```

पहिला म्हणतो `+` शिफ्ट करा, दुसरा म्हणतो रिड्यूस करा. रिड्यूस ठरवताना एलआर(०) पुढचं टोकन बघतच नाही, म्हणून कॉन्फ्लिक्ट येतो. तोकडी पडते ती पद्धत. एसएलआरमध्ये नियम 2 चं रिड्यूस फक्त FOLLOW(E) च्या कॉलममध्ये जातं. या ग्रामरमध्ये E नेहमी नियमाच्या शेवटीच येतो, त्यामुळे FOLLOW(E) मध्ये एकटा `$` असतो. मग I2 च्या ओळीत `+` खाली s4, `$` खाली r2. कॉन्फ्लिक्ट संपला.

उलट बाजूने मात्र विधान खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. अँबिग्युअस ग्रामरचं टेबल कॉन्फ्लिक्टशिवाय बनत नाही, कारण एलआर(k) ग्रामर अँबिग्युअस असूच शकत नाही. डोनाल्ड कनूथ यांच्या १९६५ च्या मूळ लेखापासून हे स्पष्ट आहे. पण पाऊस पडला की रस्ता ओला होतो, म्हणून ओला रस्ता दिसला की पाऊसच पडला असं कोणी म्हणत नाही.

अख्ख्या ओळीत रिड्यूस भरणं ही एलआर(०) ची रीत, एसएलआरची नव्हे. I2 मध्ये `+` खालीही r2 लिहून `id + id` चालवून बघा. पहिल्या id चा T होतो, समोर `+` दिसत असतानाच T चा E होतो आणि पार्सर I1 मध्ये जातो. तिथे फक्त `S → E .` आहे, `+` चा खाना रिकामा. बरोबर वाक्यावर एरर!

क्लोजरचा सल्ला तर निव्वळ चुकीचा. I2 मधून `+` वर I4 मिळतो:

```
E → T + . E
E → . T + E
E → . T
T → . id
```

खालच्या तीन ओळी क्लोजरमधून येतात. त्या गाळल्या तर I4 मध्ये id चं शिफ्टच नाही आणि पार्सर दुसऱ्या id वर अडकतो. इथेच आणखी एक चूक होते: I4 मधून T वर गेल्यावर जे आयटम मिळतात ते हुबेहूब I2 चेच असतात, तरी त्यांना नवा नंबर दिला जातो. मग त्यातून `+` वर आणखी एक सेट, त्यातून T वर आणखी एक, आणि यादी संपतच नाही. नवा सेट लिहिण्याआधी जुन्यांशी ताडून बघा. I0 ते I5, एवढ्या सहातच हे ग्रामर पूर्ण होतं.