साडेबारा हजारांचं कुलूप

पैसे भरेपर्यंत आमच्या चिरंजीवांना केवढी मागणी होती! "काका, आज आणखी दोन मुलींनी इंटरेस्ट दाखवलाय," असं विवाहसंस्थेतली एक गोड आवाजाची मुलगी रोज सांगायची. फोटो धूसर, नाव अर्धं आणि नंबर कुलूपबंद. कुलूप उघडायचे साडेबारा हजार. त्यात सहा महिन्यांची मुदत, चाळीस कॉन्टॅक्ट आणि आमच्या दिमतीला खास रिलेशनशिप मॅनेजर! पैसे भरले त्या संध्याकाळपासून सगळ्यांचा इंटरेस्ट मावळला. मुलगा तोच, पगार तोच, टक्कलही तेवढंच.

मग मीच नंबर उघडायला बसलो. यातली मेख अशी की, नंबर उघडला की चाळीसमधला एक वजा. पुढे फोन लागो, न लागो. पहिला बंद. दुसरा एका गॅरेजवाल्याचा. तिसरा मात्र लागला.

"आपल्या मुलीच्या स्थळासंदर्भात..."

"अहो, तिच्या मुलाचं बारसं झालं परवा!"

मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार?

मॅनेजरसाहेबांनी स्वतः निवडून स्थळं पाठवली. एकच मुलगी दोनदा आली. एकदा कोल्हापूरची दंतवैद्य, एकदा साताऱ्याची इंजिनिअर. साडी तीच, स्टुडिओचा निळा पडदा तोच, पडद्यावरचा डागसुद्धा तोच. तिसरं स्थळ चक्क एका नवऱ्या मुलाचं होतं. विचारलं तर म्हणाले, "काका, महिन्याला दहा प्रोफाइल द्यायचे असतात, कोटा पूर्ण केला."

पावती उलटी करून पाहिली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: 'शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' आमच्या शेजारचे निवृत्त कारकून, ज्यांना कायद्याची भारी हौस, ते म्हणाले, "छापू दे काय छापायचं ते. सेवेत त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फीही नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा." शिवाय पैसे भरण्याआधीचे 'इंटरेस्ट'चे मेसेज, उघडलेले नंबर, फोनवर मिळालेली उत्तरं, सगळं तारीखवार जपून ठेवायला लावलं त्यांनी.

1915 वर तक्रार नोंदवल्यावर संस्थेला माझी आठवण झाली. पैसे नाहीत, पण तीन महिने मुदतवाढ 'कॉम्प्लिमेंटरी'! ती मी नाकारली आणि आयोगाचा अर्ज लिहायला घेतला.

एवढ्यात मुलानं ऑफिसातलीच मुलगी पसंत केली. प्रोफाइल काढून टाका, असं संस्थेला लेखी कळवलं. लग्न झालं, सत्यनारायणही झाला. काल एका गृहस्थांचा नगरहून फोन आला, "आपल्या चिरंजीवांच्या स्थळासंदर्भात..."

"अहो, त्याचं लग्न झालं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी कळवळून, "म्हणजे माझा हाही कॉन्टॅक्ट गेला का हो?"

मी त्यांना कागद-पेन घ्यायला सांगितलं आणि 1915 हा नंबर दिला. तो उघडायला पैसे पडत नाहीत.