सहा आकडी कोडच्या नावानं शिमगा

आला एकदाचा लिंक्डइनचा कोड! मागितल्यापासून 38 मिनिटांनी, कंपनीच्या मेलबॉक्समध्ये, अगदी रुबाबात. टाकला, तर वर उत्तर काय? कोडची मुदत संपली आहे, नवा मागवा. नवा मागवला की तोही त्याच वाटेने, त्याच चालीने येणार. तिकडे रिक्रूटरचा निरोप येऊन पडलाय, ‘प्रोफाइल व्हेरिफाइड दिसत नाही, जरा करून घ्याल का?’

जरा! या ‘जरा’चा मला मनस्वी राग आहे. ज्याला स्वतःला काही करायचं नसतं त्याच्याच तोंडी हा शब्द असतो.

काम म्हटलं तर खरंच जरासं आहे. प्रोफाइलवर चालू नोकरी लावा, कंपनीचा ईमेल पत्ता द्या, त्या पत्त्यावर सहा आकडी कोड येतो, तो टाका, नावाशेजारी बरोबरची खूण. लिंक्डइनने एप्रिल 2023 मध्ये ही सोय आणली तेव्हा सगळ्यांनाच वाटलं, एका मिनिटाचं काम. ते एका मिनिटाचंच आहे, फक्त मेल पोचायला हवा. आणि कंपन्यांचा मेल सर्व्हर तर नेमका अशा मेलवरच दात धरून बसलेला असतो. बाहेरून आलेला, आपोआप पाठवलेला, विषयात ‘व्हेरिफिकेशन’ आणि पोटात कोड. फसवणुकीच्या मेलचं वर्णन लिहायला सांगितलं तर कुणीही हेच लिहील.

तर उशीर नेमका कुठे होतो? दोनच जागा. पहिली दाराबाहेर. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला मुद्दामच परत लावतात, 451 असा तात्पुरता नकार देऊन. खरा पाठवणारा थोड्या वेळाने पुन्हा येतो, स्पॅमवाले बहुधा येत नाहीत, असा त्यामागचा हिशेब. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. हिशेब चुकीचा नाही, पण मोठ्या साइटचे मेल एका सर्व्हरवरून निघत नाहीत. दुसऱ्या खेपेला वेगळाच सर्व्हर येतो, तोही अनोळखी, म्हणून त्यालाही परत लावतात. दुसरी जागा दाराच्या आत. मेल घेतला जातो, पण तपासणीत किंवा क्वारंटाइनमध्ये अडकतो आणि कुणीतरी सोडेपर्यंत तिथेच पडून राहतो. स्पॅमच्या फोल्डरमध्ये कितीही शोधा, तिथे तो नसतोच. क्वारंटाइनचं पान वेगळं असतं, आणि बहुतेकांना ते असतं हेच माहीत नसतं.

यातलं कोणतं घडलं हे ओळखायला आयटीची गरज नाही. मेलचं मूळ रूप उघडायचं (मेनूत ‘शो ओरिजिनल’, ‘व्ह्यू सोर्स’ असं काहीतरी असतं) आणि `Received` ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवतो, म्हणून सगळ्यात जुनी ओळ तळाशी असते. आजचा मासला, नावं बदलून:

```
Received: from mx.example.com by mailbox.example.com;
  Tue, 3 Jun 2025 10:52:40 +0000
Received: from out.example.net by mx.example.com;
  Tue, 3 Jun 2025 10:14:05 +0000
Date: Tue, 3 Jun 2025 10:14:02 +0000
```

10:14:02 ला मेल निघाला आणि तीन सेकंदांत कंपनीच्या दाराशी हजर झाला. तिथून मेलबॉक्सपर्यंत जायला 38 मिनिटं! म्हणजे साइटची काही चूक नाही, ग्रेलिस्टिंगही नाही, घरच्याच तपासनिसाने अडवून ठेवलाय. हाच वेळ `Date` आणि तळच्या `Received` यांच्यामध्ये गेला असता, तर मेल दाराबाहेर ताटकळला असं समजायचं. वेळा वाचताना शेवटचा `+0000` तेवढा बघून घ्या, दोन सर्व्हर वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये लिहीत असतील तर उगाच तासांचा घोळ होतो.

एवढा पुरावा हातात घेऊन आयटीकडे जावं, तर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘आमच्या बाजूने सगळं ठीक दिसतंय.’ यांच्या बाजूला कायमच सगळं ठीक असतं. पासवर्ड दर काही महिन्यांनी बदलायला लावतात तेव्हाही ठीक, प्रिंटर वर्षभर बंद असतो तेव्हाही ठीक. त्यांना ‘मेल येत नाही’ असं मोघम सांगूच नका, तिकीट बंद होऊन परत येईल. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, `Message-ID` ची ओळ आणि वरच्या दोन वेळा एवढंच तिकिटात टाका, आणि पाठवणाऱ्याचं डोमेन परवानगीच्या यादीत घालायला सांगा. मग निदान नाही म्हणायला तरी त्यांना लॉग उघडावा लागतो.

आणि हो, मेल येत नाही म्हणून ‘पुन्हा पाठवा’ दाबत सुटणं हा सगळ्यात वाईट उपाय. सहसा नवा कोड निघाला की जुना बाद होतो. मग तीन कोड वाटेत, तिघेही वेगवेगळ्या वेळी सुटलेले आणि पोचतात उलट्यासुलट्या क्रमाने. त्यात मेलचं अ‍ॅप एकाच विषयाचे मेल एका गठ्ठ्यात दडपतं. वर दिसतो तो शेवटी पोचलेला, शेवटी पाठवलेला नव्हे. खरा नवा कोणता हे `Date` बघूनच कळतं. काही साइटी कोडऐवजी लिंक पाठवतात, तिथे तर आणखी मजा. कंपनीचा सुरक्षा-फिल्टर मेलमधल्या लिंक स्वतःच उघडून बघतो, एकदाच चालणारी लिंक तिथेच खर्ची पडते, आणि माणसाने क्लिक केलं की ‘ही लिंक वापरली गेली आहे’. वापरली कुणी? यंत्राने. व्हेरिफाय कोण झालं देव जाणे.

भर दुपारी `Received` च्या ओळी खालून वर पुटपुटत वाचणारा माणूस लांबून बघणाऱ्याला कसा दिसत असेल, याची कल्पना आहे मला. एका टिकल्याएवढ्या खुणेसाठी एवढा जीव काढायचा! पण चीड एकदा सुटली की सुटली. डोमेनचं राहिलंच आहे अजून.

कोड वेळेवर आला म्हणजे झालं, असं कुणाला वाटत असेल तर हसू येतं. पत्ता टाकल्याबरोबर ‘हा ईमेल या कंपनीचा दिसत नाही’ असं येऊ शकतं. साइट पत्त्यातला @ नंतरचा भाग त्या कंपनीच्या पानाशी जोडलेल्या डोमेनशी ताडून बघते. आता कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतलेली, नावाची पाटी बदललेली, मेल मात्र जुन्याच डोमेनवर. किंवा पान मूळ कंपनीचं, आणि माणूस तिच्या उपकंपनीत. पगार येतो, ओळखपत्र आहे, दार उघडतं, पण साइटच्या लेखी तो तिथला नाही. आधी एवढं बघा की चालू नोकरीत कंपनीचं नाव नुसतं टाइप केलेलं नाही, सुचवलेल्या यादीतून निवडलेलं आहे. लोगोच्या जागी करडा चौकोन दिसत असेल तर ते पानाला जोडलेलंच नाही. तेही बरोबर असेल, तर डोमेन जोडून घेण्यासाठी कंपनीचं पान सांभाळणारा माणूस गाठावा लागतो. तो मार्केटिंगमध्ये असतो, त्याला डोमेन म्हणजे काय हे ठाऊक नसतं, आणि ज्याला ठाऊक असतं तो वर आलाच आहे, ज्याच्या बाजूने सगळं ठीक असतं.

बरं, कंपनीचा नाद सोडा, सरकारी ओळखपत्राने करू म्हटलं तर तिथे नाव आडवं येतं. प्रोफाइलवरचं नाव कागदावरच्या नावाशी जुळायला हवं. लोक हाक मारतात एका नावाने, पासपोर्टवर असतं दुसरंच. लग्नाआधीचं आडनाव, मधलं नाव, आद्याक्षर, काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा. पडताळणीआधी प्रोफाइलवरचं नाव कागदाप्रमाणे करून घ्या. नंतर हौसेने बदललं तर खूण जाण्याचा धोका असतो.

पासपोर्टची चिप फोनने वाचायची असेल तर लोक फोन घासत बसतात आणि चिपला शिव्या देतात. बहुतेक वेळा बिचाऱ्या चिपचा दोषच नसतो. तिला उघडायची किल्ली फोटोच्या पानावर तळाशी छापलेल्या दोन ओळींतून बनते. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख. कॅमेऱ्याने त्या ओळींवरची चकाकी टिपली आणि शून्याचा ओ वाचला की किल्ली चुकते, मग चिप गप्प. आडव्या उजेडात पान सपाट ठेवून पुन्हा स्कॅन करा. फोनचं जाड किंवा चुंबकाचं कव्हर काढा, आणि आयफोन असेल तर त्याची वरची कड पासपोर्टला टेकवून हलवू नका.

आता एवढ्या खटाटोपानंतर ती खूण सांगते काय? कंपनीच्या मेलने घेतलेली खूण इतकंच सांगते की त्या दिवशी या माणसाला तो मेलबॉक्स उघडता येत होता. पद खरं की फुगवलेलं, कामं खरी की थापा, यातलं तिला काही ठाऊक नाही. चार महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्याकडे कंपनीचा मेल असेल तर त्याला ती मिळते. दहा वर्षं काम करून मागच्या महिन्यात कमी केलेल्याला मिळत नाही, कारण त्याचा मेलबॉक्स त्याच दिवशी बंद झालेला असतो. आणि नोकरी शोधतोय कोण? तोच. रिक्रूटरची गाळणी त्यालाच खाली टाकणार.

म्हणून राजीनामा दिला असेल, किंवा वारं फिरल्याचा नुसता वास जरी आला असेल, तरी मेलची पडताळणी आजच उरका, नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. त्या आठवड्यात मेल कधी बंद होईल हे तुमचा मॅनेजरही सांगू शकत नाही. आणि ओळखपत्राची पडताळणी त्याच बैठकीत करून टाका. नोकरीला शेवटची तारीख लावली की चालू कंपनीची खूण कामाची राहत नाही, ओळखीची खूण मात्र तुमच्या नावावर असते. ती काढून घ्यायला निदान आयटीवाले तरी येत नाहीत.