उंची टाळून समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ निघत नाही

«समलंब चौकोनाच्या चारही बाजू माहीत असतील तर उंची काढत बसायची गरज नाही. समांतर बाजूंची सरासरी गुणिले तिरक्या बाजूंची सरासरी, झालं क्षेत्रफळ. अगदी अचूक हवं असेल तर चारही बाजू √((s−a)(s−b)(s−c)(s−d)) या सूत्रात घाला, s म्हणजे अर्धपरिमिती. कुठल्याही चौकोनाला चालतं. कोणत्या बाजू समांतर आहेत हेसुद्धा बघावं लागत नाही. शेताची, प्लॉटची मोजणीही अशीच होते.»

असा एक मेसेज फिरतोय. आधी त्यातलं सरासरीचं बघू. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात हिरोनच्या सूत्राच्या धड्यात एक शेत होतं, बऱ्याच जणांनी सोडवलं असेल: समांतर बाजू २५ मी. आणि १० मी., तिरक्या बाजू १४ मी. आणि १३ मी. मेसेजमधल्या रीतीनं १७.५ गुणिले १३.५ म्हणजे २३६.२५ चौ. मी. आता उंची काढून बघा. वरच्या १० मीटरच्या बाजूच्या एका टोकातून समोरच्या तिरक्या बाजूला समांतर रेघ मारली की शेताचे दोन तुकडे पडतात. एक समांतरभुज चौकोन आणि एक त्रिकोण. त्रिकोणाचा पाया २५ वजा १० म्हणजे १५, आणि उरलेल्या दोन बाजू शेताच्याच तिरक्या बाजू, १३ आणि १४. या त्रिकोणाची उंची तीच शेताची उंची. सगळी युक्ती एवढीच आहे.

उंचीचा लंब १५ च्या पायावर कुठे पडतो ते आधी काढायचं. १३ च्या बाजूकडून मोजलं तर ते अंतर (१५² + १३² − १४²) ÷ (२ × १५), म्हणजे १९८ ÷ ३० = ६.६. मग पायथागोरस: १६९ − ४३.५६ = १२५.४४, वर्गमूळ ११.२. खात्री करायची असेल तर दुसऱ्या बाजूनं करा. पायाचा उरलेला भाग ८.४, आणि १९६ − ७०.५६ पुन्हा १२५.४४ च येतं. दोन्हीकडून एकच आकडा आला नाही तर वजाबाकीत कुठेतरी घोटाळा आहे असं समजावं. क्षेत्रफळ १७.५ × ११.२ = १९६ चौ. मी.

म्हणजे सरासरीच्या रीतीनं ४० चौरस मीटर जमीन हवेतून आली. एक गुंठा साधारण १०१ चौ. मी., तेव्हा दोन गुंठ्यांहूनही लहान तुकड्यात जवळजवळ ०.४ गुंठा फुगवटा. आणि ही चूक कधी कमी तर कधी जास्त अशी फिरत नाही, नेहमी जास्तच भरते. उंची लंब असते आणि तिरकी बाजू लंबापेक्षा लहान असूच शकत नाही, त्यामुळे दोन तिरक्या बाजूंची सरासरीही लहान असत नाही. दोन्ही बाजू काटकोनात उभ्या असतील, म्हणजे आकृती आयतच असेल, तरच उत्तर जुळतं. बाजू जितक्या कललेल्या तितका फुगवटा मोठा. समांतर बाजू ३० आणि ६, तिरक्या १३ आणि १३ घ्या. पायांमधला फरक २४, त्याचा अर्धा १२, उंची ५, क्षेत्रफळ ९०. सरासरी सांगते २३४. अडीचपटीहून जास्त! विकणाऱ्याला हे सूत्र का आवडावं हे वेगळं सांगायला नको.

ही रीत नवी नाही, हेही खरं. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये ती दिली आहे, पण ‘स्थूल’ म्हणून. त्याच ठिकाणी त्यानं ‘सूक्ष्म’ म्हणून जे दिलं ते मेसेजमधलं वर्गमुळाचं सूत्र. जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वीच्या माणसानं ज्याला ढोबळ म्हटलं ते आज ‘झालं क्षेत्रफळ’ म्हणून फिरतंय.

आता ते दुसरं सूत्र. याच्याबद्दल जरा जपून बोलायला हवं, कारण ते खोटं नाही, फक्त चुकीच्या जागी वापरलं जातंय. वरच्या शेतावर लावून बघा. अर्धपरिमिती ३१, वजाबाक्या ६, २१, १७, १८, गुणाकार ३८,५५६, वर्गमूळ सुमारे १९६.३६. खरं उत्तर १९६. इतकं जवळ आलं की बघणाऱ्याला वाटतं दशांशात कुठेतरी थोडं इकडंतिकडं झालं असेल. तसं नाही. हे सूत्र चक्रीय चौकोनाचं आहे, म्हणजे ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसतात त्याचं. समलंब चौकोन वर्तुळात बसतो तो फक्त तिरक्या बाजू सारख्या असल्या तर. वरच्या ३०, ६, १३, १३ ला लावा, बरोबर ९० येईल. १३ आणि १४ मध्ये फरक थोडा, म्हणून शेताची चूकही थोडी. या योगायोगावर विसंबून सूत्र ‘चालतं’ म्हणणं म्हणजे बंद घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर म्हणण्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र या सूत्रातून मिळते आणि ती कामाची आहे. त्या चार बाजूंच्या कुठल्याही चौकोनाचं क्षेत्रफळ या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. २५, १०, १४, १३ मध्ये जास्तीत जास्त १९६.३६ चौ. मी. बसतात. सरासरीचं २३६.२५ या मर्यादेच्याही पार पलीकडे आहे, म्हणजे तेवढी जमीन त्या चार बांधांच्या आत कशीही मावत नाही.

‘कोणत्या बाजू समांतर हे बघावं लागत नाही’ हा मुद्दा सगळ्यात घातक. त्याच चार लांब्या घ्या, पण या वेळी २५ आणि १४ समांतर धरा. पायांचा फरक ११, तिरक्या १० आणि १३. उंची सुमारे ९.७२ आणि क्षेत्रफळ सुमारे १८९.५. आता २५ आणि १३ समांतर धरा: फरक १२, तिरक्या १० आणि १४, लंब पायावर बरोबर २ अंतरावर पडतो, उंची ९६ चं वर्गमूळ म्हणजे ९.८, क्षेत्रफळ सुमारे १८६.२. तीन शेतं, त्याच चार काठ्या, क्षेत्रफळं तीन. वर्गमुळाचं सूत्र तिन्हींना १९६.३६ च सांगणार, कारण त्याला बाजूंचा क्रम कळतच नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त नेमकं याच ठिकाणी बोट ठेवलं आहे. चौकोनाचे कर्ण ठरलेले नसताना त्याचं क्षेत्रफळ ठरलेलं कसं असेल, असा त्यांचा सवाल आहे. कर्ण किंवा लंब न सांगता जो विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो त्याला त्याहून मोठं. (जळगाव जिल्ह्यातल्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे तेच हे भास्कराचार्य. इतक्या तिखट भाषेत फॉरवर्डला उत्तर द्यायची माझी हिंमत नाही.) मग ते एक उदाहरण घेतात: पाया ६०, वरची बाजू २५, बाकीच्या ५२ आणि ३९. आधीच्या लोकांनी याचे कर्ण ५६ आणि ६३ सांगितले होते. भास्कराचार्य म्हणतात, हाच चौकोन समलंब करून दाखवा. रीतही देतात, आणि ती वर आपण केली तीच: पायातून वरची बाजू वजा करा, जे उरेल त्याला पाया मानून दोन तिरक्या बाजूंचा त्रिकोण करा आणि त्याचा लंब काढा. ६० वजा २५ म्हणजे ३५. ३९ च्या बाजूकडून लंब पडतो अवघ्या ०.६ अंतरावर, उंची सुमारे ३८.९९५. क्षेत्रफळ काढलं तर सुमारे १,६५७ येतं. कर्ण ५६ आणि ६३ असतील तर १,७६४. सरासरीच्या रीतीनं १,९३३.७५. बाजू तिन्ही वेळा त्याच.

मेसेजमधल्या दोन्ही सूत्रांची आणखी एक खोड आहे. नसलेल्या आकृतीचंही क्षेत्रफळ ती बिनदिक्कत सांगतात. समांतर १२ आणि १०, तिरक्या ३ आणि ८ घ्या. सरासरी ६०.५ देते, वर्गमूळ सुमारे ५७.९. पण पायांचा फरक २, आणि २, ३, ८ बाजूंचा त्रिकोण होत नाही, कारण २ आणि ३ मिळून ८ पर्यंत पोचतच नाहीत. असा समलंब चौकोन नाहीच. उंची काढायला बसलात की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि चूक लगेच उघडी पडते.

राहिली शेताची मोजणी. शंकू-साखळीनं मोजणारे आधाररेषेवरून काटकोनात लंब टाकत जातात, म्हणजे उंची ते जमिनीवरच मोजतात. बांधांच्या सरासऱ्या काढत नाहीत. आणि खरं सांगायचं तर कागदावरची आपली बिनचूक रीतही शेतात आंधळेपणानं वापरू नये. दोन समांतर बाजू जवळपास सारख्या असतील तर पायांचा फरक चिमूटभर उरतो आणि सगळी उंची त्या चिमटीवर तोलावी लागते. समांतर बाजू ५० मी. आणि ४९ मी., तिरक्या ३० आणि ३० असतील तर उंची जवळजवळ ३० आणि क्षेत्रफळ सुमारे १,४८५ चौ. मी. टेप थोडा ढिला पडून एक तिरकी बाजू ३०.५ भरली, की त्याच गणितात लंब पायाच्या बाहेर १४.६ मीटरवर जाऊन पडतो, उंची २६.२ होते आणि क्षेत्रफळ सुमारे १,२९७. अर्ध्या मीटरच्या चुकीत पावणेदोन गुंठ्यांहून जास्त जमीन गेली. दोन्ही समांतर बाजू तंतोतंत सारख्या असतील तर गणित थांबतंच. तो समांतरभुज चौकोन, आणि १०, १०, ६, ६ बाजूंचा समांतरभुज चौकोन दाबत नेला तर ६० पासून शून्याच्या जवळपर्यंत कुठलंही क्षेत्रफळ देतो. अशा तुकड्यात एक कर्ण टेपनं मोजून घ्यावा आणि दोन त्रिकोणांना हिरोनचं सूत्र लावावं. तिथे मग कोणत्या बाजू समांतर हे खरोखरच बघावं लागत नाही.