बिलावरची एकूण रक्कम, आणि मेनूवरची मूळ किंमत

गेल्या रविवारी सकाळी माझी भाची फोन हातात घेऊन माझ्याकडे आली. आदल्या रात्री ती आणि तिच्या तीन मैत्रिणी पुण्यातल्या एका हॉटेलात जेवायला गेल्या होत्या, बिल हिने यूपीआयने भरले होते आणि कागद टेबलावरच राहिला होता. फोनवर फक्त २३५६ रुपये गेल्याचा संदेश होता. ज्याने जे खाल्ले त्याचे पैसे त्याने द्यायचे, असे चौघींचे ठरलेले होते. तिघींना आपापल्या पदार्थांचे मेनूवरचे भाव आठवत होते, ते ७८०, ६४० आणि ५६० असे भरत होते. भाचीने मात्र फळ्यावर लिहिलेला त्या दिवसाचा खास पदार्थ मागवला होता आणि त्याचा भाव तिच्या लक्षात नव्हता. पंधरा टक्के सवलत, दहा टक्के सेवा शुल्क आणि पाच टक्के जीएसटी, एवढे तिला नक्की आठवत होते.

“मावशी, पंधरा गेले, दहा आणि पाच आले, म्हणजे शेवटी शून्यच ना? मग मेनूचे सगळे मिळून २३५६च झाले असणार. त्यातून तिघींचे वजा केले की माझे ३७६ उरतात.”

मी एका छोट्या कार्यालयात गेली अनेक वर्षे जमाखर्च लिहिते आणि अगदी याच पद्धतीने केलेली वजाबाकी मी पदवीधर माणसांच्या वहीतही पाहिली आहे. म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले. टक्का हा नेहमी कशाचा तरी असतो, आणि तो कशाचा आहे हे बाजूला ठेवून नुसत्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी केली, तर उत्तर चुकते. या बिलातले पंधरा टक्के मेनूच्या रकमेचे आहेत, दहा टक्के सवलत वजा केल्यानंतर उरलेल्या रकमेचे आहेत, आणि पाच टक्के त्या दोन्हींनंतरच्या रकमेचे आहेत. तीन वेगवेगळ्या रकमांचे टक्के एकमेकांना छेद देऊन शून्य होत नाहीत.

दुसरी चूक याहून फसवी असते, कारण तीत माणूस प्रत्येक पायरी उलटी करतो आणि त्यामुळे आपण बरोबर आहोत असे त्याला वाटते. पाच टक्के कर लागला होता, म्हणून एकूण रकमेतून पाच टक्के काढायचे. दहा टक्के शुल्क लागले होते, म्हणून दहा टक्के काढायचे. पंधरा टक्के सूट मिळाली होती, म्हणून पंधरा टक्के घालायचे. तसे केले तर २३५६ वरून सुमारे २३१६ रुपये ५४ पैसे येतात. यात गोम अशी की कर लागला तो कर लागण्यापूर्वीच्या रकमेवर, आणि आपण काढतो ते पाच टक्के मात्र करासकट झालेल्या मोठ्या रकमेचे. गुणून वाढवलेली रक्कम मूळपदावर आणायची असेल तर भागावेच लागते.

म्हणून २३५६ ला प्रथम १.०५ ने भागायचे, की कर निघून २२४३.८१ उरतात. त्याला १.१० ने भागायचे, की सेवा शुल्क निघून २०३९.८३ उरतात. ही रक्कम मूळ किमतीच्या पंच्याऐंशी टक्के आहे, म्हणून तिला ०.८५ ने भागायचे, आणि उत्तर येते २३९९.८०. वीस पैशांची तूट का आली, तर हॉटेलाने एकूण रक्कम पूर्ण रुपयात आणली होती म्हणून. एकूण रक्कम पन्नास पैसे इकडे किंवा तिकडे असू शकते असे धरले, तर मूळ किंमत २३९९.२९ ते २४००.३१ यांच्या मध्ये पडते, आणि मेनूवरचे भाव पूर्ण रुपयांत असल्यामुळे त्या पट्ट्यात २४०० ही एकच रक्कम बसते. म्हणजे भाचीच्या पदार्थाचे ३७६ नव्हे, तर ४२० रुपये.

येथे मी थांबले असते, तर मीही अर्धवटच काम केले असते. दहा टक्के सेवा शुल्क सवलतीनंतरच्या रकमेवर लावले होते, हे मी गृहीत धरले होते. काही हॉटेले ते सवलतीपूर्वीच्या मेनूच्या रकमेवर लावतात. तसे असेल तर मूळ किमतीला ०.८५ अधिक ०.१०, म्हणजे ०.९५ ने, आणि मग १.०५ ने गुणले गेलेले असते. २३५६ ला या दोहोंनी भागले की जवळपास २३६२ येतात. आणखी एक शक्यता अशी की कर फक्त जेवणावर लावला आणि सेवा शुल्कावर लावलाच नाही. त्या हिशेबाने मूळ किंमत २४१० निघते. या तिन्ही रकमा पूर्ण रुपयांत अगदी नीट बसतात, त्यामुळे नुसत्या एकूण रकमेवरून यांपैकी खरी कोणती हे कोणालाही सांगता येणार नाही. मेनूचे भाव बहुधा शून्य किंवा पाचवर संपतात म्हणून २३६२ बद्दल शंका घेता येईल, पण २४१० चे काय करायचे?

तेवढ्यात भाचीच्या एका मैत्रिणीने बिलाचा फोटो पाठवला. वरचा भाग अंगठ्याखाली गेला होता, पण आम्हाला हवा होता तो खालचा भाग स्पष्ट होता. त्यावर सेवा शुल्क २०४.००, सीजीएसटी ५६.१०, एसजीएसटी ५६.१०, राउंड ऑफ उणे ०.२०, आणि एकूण २३५६ असे छापलेले होते.

या पाच ओळींत सगळे बिल उलगडते. पाच टक्के जीएसटीतला निम्मा, म्हणजे अडीच टक्के, सीजीएसटी असतो, म्हणून त्याच्या रकमेला ४० ने गुणले की कर कितीवर लावला ते लगेच कळते. ५६.१० गुणिले ४० म्हणजे २२४४. सेवा शुल्क दहा टक्के आहे, म्हणून २०४ ला दहाने गुणले की शुल्क २०४० वर लावले हे कळते. आता २२४४ मधून २०४ वजा केले तर बरोबर २०४० उरतात. याचा अर्थ, कर शुल्कासकट रकमेवर आहे आणि शुल्क सवलतीनंतरच्या रकमेवर आहे. दोन्ही ओळी पाहणे आवश्यक आहे, कारण शुल्क सवलतीपूर्वीच्या रकमेवर असते तरीही सीजीएसटी ५६.१० च दिसला असता. फरक सेवा शुल्काच्या ओळीत पडला असता, तेथे २३६.२० छापलेले असते. उलट कर शुल्कावर नसता, तर सीजीएसटी ५१ रुपयांच्या आसपास आला असता. राउंड ऑफचे वीस पैसे परत मिळवले की २३५६.२० होतात, आणि ते भागत गेले की पैशाचाही फरक न राहता २४०० येतात.

सेवा शुल्कावर कर कसा, असे अनेकांना वाटते. जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विक्रेत्याने त्या पुरवठ्यासाठी आकारलेली आनुषंगिक रक्कमही करपात्र मूल्यात धरली जाते, आणि बिलावरच दाखवलेली सवलत त्यातून वगळली जाते. म्हणून भाचीच्या बिलाची मांडणी योग्यच होती. जीएसटी नियमावलीतील नियम ४६ प्रमाणे कर-बिलावर सवलत विचारात घेऊन आलेले करपात्र मूल्य दाखवावे लागते. माझे स्पष्ट मत असे आहे की हॉटेलांनी ही एक ओळ ठसठशीतपणे आणि सेवा शुल्काच्या लगेच खाली छापावी, म्हणजे ग्राहकाला चाळीसने गुणत बसावे लागणार नाही.

सवलत टक्क्यांत नसून ठोक रकमेची असेल तर मात्र क्रम सांभाळावा लागतो. टक्के एकामागून एक लागलेले असतील तर आधी कोणत्याने भागले याने फरक पडत नाही. ठोक रकमेने पडतो. २४०० च्या जेवणावर ३०० रुपयांचे कूपन आधी वजा झाले, तर शुल्क आणि करासह २४२५.५० भरावे लागतात. तेच कूपन सर्व आकारणी झाल्यावर वजा झाले, तर २४७२. पहिल्या प्रकारात आधी १.१५५ ने भागून मग ३०० मिळवायचे, दुसऱ्यात आधी ३०० मिळवून मग भागायचे. “पंधरा टक्के, कमाल २०० रुपये” अशी सवलतही मर्यादा ओलांडली की ठोकच होते. बिलात मद्य असेल तर त्यावर जीएसटी नसून व्हॅट असतो, तेव्हा ते दोन भाग वेगळे केल्याशिवाय उलटा हिशेब मांडताच येत नाही. शिवाय पाच टक्के हा दर सगळीकडे नसतो. महागड्या खोल्यांच्या काही हॉटेलांतल्या उपाहारगृहात तो अठरा टक्के असतो, आणि तेव्हा सीजीएसटी नऊ टक्के असल्यामुळे चाळीसने गुणणे उपयोगी पडत नाही, ०.०९ ने भागावे लागते.

हे सगळे कळल्याचा मला स्वतःला उपयोग झाला तो सेवा शुल्क काढायला सांगताना. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलाला हे शुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. मागच्या महिन्यात एका हॉटेलात आमचे जेवण १६०० रुपयांचे झाले होते. त्यावर १६० शुल्क आणि ८८ कर मिळून १८४८ चे बिल आले. शुल्क काढा म्हटल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी पेनाने १६० वर रेघ मारली आणि खाली १६८८ लिहिले. मी त्यांना सीजीएसटीची ४४ ची ओळ दाखवली आणि चाळीसने गुणून १७६० होतात हेही दाखवले. जेवण १६०० चे, शुल्क काढलेले, तरी कर अजून १७६० वरच होता. त्यांनी वाद घातला नाही. मशीनवर बिल पुन्हा काढले, त्यावर सीजीएसटी ४०, एसजीएसटी ४० आणि एकूण १६८० आले, आणि आधीचे बिल त्यांनी माझ्यासमोर रद्द केले.

भाचीनेही त्या रविवारी दुपारीच मैत्रिणींना आकडे कळवले. प्रत्येकीच्या मेनूच्या रकमेला तिने ०.८५, १.१० आणि १.०५ यांचा गुणाकार, म्हणजे ०.९८१७५ ने गुणले. ७६६, ६२८, ५५० आणि तिचे स्वतःचे ४१२. बेरीज बरोबर २३५६.