अडीचशे शब्द आणि एक बांधलेलं पेन

आमच्या वॉर्डातल्या गुणवत्ता प्रकल्पाचा गोषवारा एका परिषदेला पाठवायचा होता. माझ्या पहिल्या मसुद्यात ६१२ शब्द होते आणि परिषदेची मर्यादा होती २५०. हे कळल्यावर मी आधी नियमावली पुन्हा वाचली, कदाचित २५० ओळी म्हणायचं असेल अशा आशेने. तसं नव्हतं. उलट खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की उपशीर्षकंही शब्दसंख्येत धरली जातील, तक्ते आणि आकृत्या जोडता येणार नाहीत, आणि रुग्णालयाचं नाव कुठेही येता कामा नये.

प्रकल्प साधा होता. आमच्या वॉर्डात रुग्णांच्या हाताला जी सलाइनची सुई लावतात, म्हणजे कॅन्युला, तिच्या पट्टीवर ती कधी लावली याची तारीख आणि वेळ लिहिलेली असावी. ती नसली की सुई कालची आहे की चार दिवसांपूर्वीची, हे कुणालाच सांगता येत नाही. राउंडला सगळे त्या हाताकडे पाहतात, मग एकमेकांकडे पाहतात, आणि शेवटी रुग्णालाच विचारतात. रुग्ण म्हणतो, "मागच्या वेळी ते उंच डॉक्टर आले होते ना, तेव्हा." तोवर शीर लाल होऊन दोरीसारखी हाताला लागायला लागलेली असते.

हे सगळं मी पार्श्वभूमीत लिहिलं होतं. उंच डॉक्टर वगळून, पण शिरेतून औषध देण्याच्या इतिहासासकट. पार्श्वभूमीचे २४० शब्द, पद्धतीचे १८०, निष्कर्षाचे १०२, आणि प्रत्यक्षात काय घडलं त्याचे फक्त ९०. उद्दिष्टाचा पत्ताच नव्हता. गुणवत्ता प्रकल्पाच्या गोषवाऱ्यात उद्दिष्ट नसणं म्हणजे लग्नपत्रिकेत नवरानवरीचीच नावं नसणं.

मी मसुदा वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरांना दाखवला. प्रकल्प निम्म्याहून जास्त त्यांचाच होता. त्यांनी चष्मा लावून पहिला परिच्छेद वाचला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, सुई लावतात हे त्या परिषदेला माहीत नसेल का?"

"असेल."

"मग हे कुणासाठी?"

पार्श्वभूमीचे २४० शब्द तिथेच ४० झाले. कापताना दुखलं नाही असं नाही, पण ती खोगीरभरती होती हे लिहितानाही मला ठाऊक होतं. जे वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं तेच आपण सगळ्यात ऐटीत लिहितो.

उद्दिष्ट मात्र नवीन लिहावं लागलं. किती, कशाचं आणि कधीपर्यंत, हे तिन्ही एकाच वाक्यात हवं. 'तारीख असलेल्या कॅन्युलांचं प्रमाण १२ आठवड्यांत ३५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर नेणे.' झालं. 'सुधारणा घडवून आणण्याचा प्रयत्न करणे' या माझ्या जुन्या वाक्यात यातलं एकही नव्हतं, आणि तरी ते लांब होतं.

खरं घोडं अडलं ते पद्धतीपाशी. दर मंगळवारी सकाळी आम्ही २० कॅन्युला पाहायचो आणि किती जणींवर तारीख आहे ते मोजायचो. पहिले सहा आठवडे काहीच बदललं नाही, फक्त मोजलं. मधला आकडा निघाला २०पैकी ७. मग पहिला बदल म्हणून मी एक पोस्टर केलं. रंगीत, लॅमिनेट केलेलं, त्यावर एक हसरी कॅन्युला. तीन आठवड्यांचे आकडे आले ८, ७ आणि ६. म्हणजे पोस्टर लावल्यावर लोक दर आठवड्याला एकेक तारीख कमी लिहायला लागले.

मग सिस्टरांनी एक दुपार काढून नुसतं उभं राहून पाहिलं. सुई लावणाऱ्याच्या हातात मोजे असतात, एका हाताने सुई धरलेली असते, दुसऱ्याने पट्टी चिकटवायची असते. पेन असतं ॲप्रनच्या खिशात. रक्ताळलेल्या मोज्याने कुणी खिशात हात घालत नाही, घालूही नये. मग 'नंतर लिहितो' म्हणून तो मोजे काढतो, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून हाक येते आणि 'नंतर' तिथेच संपतं. आळस, बेफिकिरी, जागृतीचा अभाव, हे जे शब्द मी पार्श्वभूमीत पेरले होते, त्यांतलं काहीच खरं नव्हतं. पेन चुकीच्या जागी होतं.

सिस्टरांनी एक मार्कर घेतला आणि बँडेजच्या पट्टीने कॅन्युलाच्या ट्रेला बांधून टाकला. पट्टी आधी लिहायची, मग सुई लावायची. पुढच्या मंगळवारी २०पैकी १४!

दोन दिवसांनी संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर आल्या आणि ती पट्टी दोन बोटांत धरून म्हणाल्या, "ही पुसणार कशी?" कापड पुसता येत नाही, हे बरोबरच होतं. मग मुदत संपलेल्या, न वापरलेल्या सलाइन सेटच्या नळीचा तुकडा कापून त्याने पेन बांधलं. नळी पुसता येते, आणि दोरीसारखी सुटतही नाही. नळीचा हा शोध मला संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोठा वाटतो. त्यावर मी ६४ शब्द लिहिले होते. अंतिम गोषवाऱ्यात उरले चार: 'ट्रेला बांधलेलं, पुसण्याजोगं पेन'. जोडशब्दांच्या कृपेने इंग्रजीतही चारच.

हो, गोषवारा इंग्रजीत लिहायचा होता. मराठीत असता तर मी 'कॅन्युलादिनांकलेखनप्रमाणवृद्धी' असा एकच समास ठोकून निम्मी लढाई जिंकली असती. इंग्रजीत तशी सोय नाही, पण तिथे 'द' नावाचा एक शब्द असतो. माझ्या मसुद्यात तो २७ वेळा होता. मी एका संध्याकाळी २७च्या २७ काढले. वाचताना टेलिग्राम आल्यासारखं वाटत होतं, कुणीतरी वारल्याचा.

शब्द वाचवायला मी पोस्टरचा उल्लेखच उडवला होता. फसलेल्या गोष्टीवर शब्द कशाला खर्चायचे? शिवाय ती हसरी कॅन्युला माझी होती. सिस्टर म्हणाल्या, "पोस्टर काढलंत तर पेन का बांधलं ते कसं कळणार?" मुद्दा बिनतोड होता. योजना करा, राबवा, तपासा, बदला, हे चक्र दोनदा फिरवलं असं लिहायचं आणि पहिलं फिरणं लपवायचं, मग ते चक्र कसलं? पोस्टर परत आलं. किंमत अकरा शब्द.

निकालावर मॅडमचं लक्ष होतं. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. पेन बांधल्यानंतरच्या आठ आठवड्यांचा मधला आकडा होता १६, म्हणजे ८० टक्के. मॅडम म्हणाल्या, "३५वरून ८०. म्हणजे १२९ टक्के वाढ. तसं लिही ना, भारदस्त दिसतं." गणित चोख होतं. ४५ला ३५ने भागलं की १२९ टक्केच येतात. पण २० सुयांच्या जोरावर १२९ टक्के म्हणायला माझी जीभ वळेना. नुसतं '४५ टक्के वाढ' म्हणावं तर वाचणारा ३५च्या ४५ टक्के धरून एक्कावन्नपर्यंतच पोचेल, आणि 'टक्केवारीचे ४५ अंक' म्हणजे शब्दांची उधळपट्टी. शेवटी '२०पैकी ७वरून २०पैकी १६' असं लिहिलं. ते आखूडही होतं आणि त्यात कुणाला काही दडवताही येत नव्हतं.

"आणि पी व्हॅल्यू?" मॅडमनी विचारलं. हा योगायोग नाही हे सांगणारा संख्याशास्त्रातला आकडा त्यांना हवा होता.

आमच्याकडे होता रन चार्ट, म्हणजे आठवड्यांचे ठिपके आणि मधून जाणारी मध्यकाची रेघ. ओळीने सहा किंवा जास्त ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले तर तो निव्वळ योगायोग नाही, असं मानतात. आमचे आठच्या आठ वर होते. तीन मिनिटांत चार्ट दाखवला की मॅडमना पटलं. पण आकृती जोडायची नव्हती. त्यामुळे त्या देखण्या चार्टचं शब्दचित्र काढावं लागलं: 'आठ सलग बिंदू पूर्वीच्या मध्यकाच्या वर.'

त्या आठांत एक ठिपका खाली आला होता, २०पैकी ११. त्या आठवड्यात कुणीतरी नळी कापून पेन नेलं होतं. कुणी, ते विचारू नका. माझ्या ॲप्रनच्या खिशात तेव्हा तीन मार्कर निघाले होते, त्यातल्या एकाला नळीचं शेपूट होतं. वाक्य गाळायचा मोह मला झाला नव्हता असं म्हणणार नाही. पण पेन गेल्यावर आकडा पडतो आणि परत बांधल्यावर चढतो, यापेक्षा चांगला पुरावा आमच्याकडे दुसरा नव्हता. 'पेन हरवलं' एवढंच लिहिलं. कर्ता गाळल्याने शब्दही वाचले आणि अब्रूही.

एक वाक्य मात्र मी कात्रीपासून राखलं. पट्टीवर तारीख दिसायला लागल्यावर एक नवीनच दुखणं निघालं. चांगली चालणारी, न दुखणारी सुईसुद्धा 'तीन दिवस झाले की' म्हणून लोक उपटायला लागले आणि रुग्णाला दुसरी टोचायला लागले. म्हणून आम्ही जादाच्या टोचण्याही मोजत होतो. पहिल्या दोन आठवड्यांत त्या वाढल्या. मग पाळी बदलतानाच्या हँडओव्हरला 'तारीख पाहा, आणि शीरही पाहा' असं सांगायला लागल्यावर उतरल्या. आपल्या सुधारणेने काय बिघडलं हे लिहायला बारा शब्द लागले, आणि ते मी 'द' विकून मिळवले होते.

शेवटच्या रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वर्डच्या कोपऱ्यात आकडा आला: २५०. शेवटचे काही शब्द मी हातचलाखीने वाचवले होते. वर्ड दोन शब्दांमधली मोकळी जागा पाहून मोजतं, त्यामुळे 'डॉक्टर/नर्स' हा एक शब्द आणि 'आधी-नंतर' हाही एकच. अशा तिरक्या आणि आडव्या रेघांनी मी बरीच कुटुंबं एकत्र नांदवली होती. मजकूर परिषदेच्या चौकटीत चिकटवला. चौकट लाल झाली आणि तिने आकडा दाखवला: २६४. ती तिरक्या रेघेपाशीही तोडत होती आणि आडव्या रेघेपाशीही. माझं सगळं एकत्र कुटुंब एका क्षणात विभक्त झालं. ते चार शब्दांचं पेनसुद्धा.

मुदत अकरा एकोणसाठची. मी सिस्टरांना फोन केला. त्या रात्रपाळीवर होत्या. शेवटचं वाक्य वाचून दाखवलं, 'हा उपाय इतर वॉर्डांतही परिणामकारक ठरू शकेल' अशा अर्थाचं.

"दुसऱ्या वॉर्डात केलंय आपण?"

"नाही."

"मग?"

ते वाक्य चौदा शब्दांचं निघालं. चौकट हिरवी झाली आणि मी अकरा चोपन्नला बटण दाबलं.

सहा आठवड्यांनी मेल आली. गोषवारा स्वीकारला होता, तोंडी सादरीकरणासाठी नाही, पोस्टर म्हणून. मी धावत जाऊन सिस्टरांना सांगितलं. त्या ट्रेवरचं पेन पुसत होत्या.

"पोस्टर?" त्या म्हणाल्या. "त्यांनी वाचलं तरी का?"