पिसूवाल्या मॅडम

"पिसूवाल्या मॅडम कोण?" कंपाउंडरने भरल्या दवाखान्यात पुकारा केला. केसपेपरवर बोक्याचं नाव 'बंड्या' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. पण नाही.

त्याआधी डॉक्टरांनी बंड्याला बारीक दातांच्या फणीने विंचरलं होतं. पिसू एकही सापडली नाही, पण काळी कणी पडली. ती ओल्या कापसावर टेकवली तर भोवती तांबूस डाग पसरला. पिसवेची विष्ठा, म्हणजे बंड्याचंच पचलेलं रक्त. मानेभोवती मोहरीएवढ्या खपल्या, पोटावरचे केस चाटून चाटून साफ. "पिसवाही त्यानेच चाटून गिळल्या असतील, मिळणार कुठून?" असं म्हणून डॉक्टरांनी आम्हाला इंजेक्शनसाठी बाहेर बसवलं होतं.

बाहेर शेजारच्या काकूंनी पुकारा ऐकताच स्वेटरमधलं पॉमेरेनियन मांडीवर उचललं आणि खुर्ची लांब सरकवली. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे मीही सरकले.

"पिसवा झाल्यात?"

"एखादीच असेल."

"एकीने एवढं होतं?"

"तिच्या लाळेची ॲलर्जी आहे. एक चावली तरी कितीतरी दिवस खाजवतो."

"आम्ही बाई स्वच्छता ठेवतो. खोबरेलात कापूर घालून चोळा."

कापूर मांजराला विषारी असतो आणि चोळलेलं सगळं ते चाटतं, हे मी सांगितलं. तोवर त्यांचं पॉमेरेनियन मान वळवून शेपटीच्या बुडाशी कचाकचा चावत होतं. स्वेटरच्या खाली, शेपटीच्या वर लालसर टक्कल पडलेलं. कुत्र्यांची नेमकी हीच जागा. तीही मी दाखवली.

"हवा बदललीय ना," काकू म्हणाल्या.

आत डॉक्टरांनी खरी बातमी दिली. अंगावर दिसतात त्या पिसवा साधारण 5 टक्के, बाकी अंडी, अळ्या आणि कोष घरात, गादीत, सोफ्याच्या फटीत. कोषावर फवारे फारसे चालत नाहीत. आत पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसते आणि पावलांची धडधड, अंगाची ऊब जाणवली की बाहेर उडी मारते. तेव्हा मला कळलं, दिवाळीत दहा दिवस कोल्हापूरला राहून परतलो तेव्हा दार उघडताच घोट्याला काय चावलं होतं ते. यजमान तीन दिवस डासांना शिव्या देत होते.

आता किमान तीन महिने दरमहा मानेवर थेंब, तेही घरातल्या म्हाताऱ्या मनीलासुद्धा, जिला काडीची खाज नाही. कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं औषध मांजरांना चुकूनही नाही, त्याने जीव जाऊ शकतो. अंथरुणं दर आठवड्याला कडक गरम पाण्यात, शिवाय सोफ्याखाली रोज व्हॅक्युम. तीन महिने! बंड्याचं काय, तो त्याच सोफ्यावर झोपणार. धुणं मी धुणार.

बिल भरून बाहेर आले तेव्हा कंपाउंडर काकूंना आत बोलावत होता. "प्रिन्स!" म्हणून. नावाने.