वर्षाला १२०० रुपये जास्त आहेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

"लेख वाचला. ईमेलने येणाऱ्या पत्राला वर्षाला १२०० रुपये? आपला मराठी माणूस देणार नाही, व्हॉट्सॲपवर सगळं फुकट येतं. आधी दहा हजार लोक फुकट जमवा, मग महिना ३० रुपये ठेवा, तेव्हा कुठे शंभर जण मिळतील." – एक बडोदेकर काका

काका, लेखात मी ईमेलच्या पत्राचा विषय कसा निवडायचा, पैसे देणारे पहिले शंभर वाचक कसे मिळवायचे आणि किंमत किती ठेवायची ते लिहिलं होतं. व्हॉट्सॲपचं आधी बोलतो, कारण विषय निवडायचा प्रश्न तिथेच सुटतो. लेखात ज्या मैत्रिणीचं उदाहरण दिलंय ती बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं टेंडरची कागदपत्रं तयार करायची, आणि आता छोट्या फॅब्रिकेशनवाल्यांसाठी दर आठवड्याला मराठीत पत्र लिहिते. टेंडरच्या लिस्टा ग्रुपवर रोज ढिगाने पडतात, खरंय, म्हणून ती लिस्ट देतच नाही. ती तीनच टेंडर घेते, पूर्ण वाचते आणि सांगते की याच्यात टर्नओव्हरची अट इतकी आहे, अनुभवाचा दाखला असा मागितलाय, म्हणजे तुम्ही बसत नाही, सोडून द्या. किंवा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर उद्यम नोंदणीवाल्या छोट्या उत्पादकाला अनामत रक्कम माफ असते पण नुसत्या ट्रेडरला नसते, तेव्हा हे भरण्याआधी तुम्ही कोण म्हणून नोंदलेले आहात ते बघा. फॉरवर्डमधून हे मिळत नाही. तिने "बिझनेस" असा विषय घेतला असता तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. पैसे कोण देईल ते ओळखायची माझी एकच कसोटी आहे, की लोक आत्ताच तुम्हाला फोन करून काय विचारतात, आणि त्या उत्तरामुळे त्यांचा दिवस किंवा पैसा वाचतो का.

आता दहा हजारांचं. फुकट वाचणाऱ्यांतले शंभरात पाच जण पैसे देतात असं धरलं, आणि हे चांगलं प्रमाण झालं, तरी शंभरांसाठी दोन हजार पुरतात. पण पहिले शंभर त्या रस्त्याने येतच नाहीत हो. तिने फोनमधले जुने नंबर काढले, जे कधीतरी टेंडरचं विचारायचे तेवढेच, प्रत्येकाला वेगळा मेसेज करून चार अंक फुकट पाठवू का विचारलं, आणि चौथ्या अंकानंतर एकेकाला फोन केला. "नको" म्हणणाऱ्याला का ते विचारलं, त्यातून कळलं की काहींना शनिवारी पत्र नको, सोमवारी सकाळी हवंय. मग पैसे भरलेल्यांनाच सांगितलं, तुमच्या ओळखीचा एक जण सुचवा. हे हळू चालतं, पण आलेला माणूस टिकतो. पत्र किती जणांनी उघडलं ते सांगणाऱ्या ओपन रेटवर मात्र भरवसा ठेवू नका, २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये प्रायव्हसीची सोय आली, ती चालू असेल तर माणसाने पत्र न उघडताही उघडल्यासारखं दिसतं. उत्तरं किती येतात ते बघा. अंकाला उशीर झाला आणि एकानेही विचारलं नाही, तर समजा गडबड आहे.

किमतीवर मात्र माझं तुमच्याशी अजिबात जमत नाही. महिना ३० म्हणजे वर्षाला ३६०, शंभर जणांचे ३६,०००. वर्षाला ५० अंक धरले तर एका अंकाला ७२० रुपये, आणि तिला एका अंकाला आठ तास लागतात, म्हणजे तासाला ९०. असं पत्र सहा महिन्यांत बंद पडतं आणि वाचकाचंच नुकसान होतं. १२०० ने शंभर जणांचे १,२०,००० होतात, पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून २,८३२ गेले, तरी अंकाला २,३०० च्या वर राहतात.

मग महिन्याला ९९ का नाही, असंही काही जण विचारतात. ९९ गुणिले १२ म्हणजे जवळपास तेवढेच, पण दर महिन्याला शंभरातले पाच जण गळाले, कोणाचं कार्ड बदललं, कोणाचा ऑटोपे बंद झाला, कोणी नुसतंच थांबलं, आणि नवीन कोणी आलं नाही, तर वर्ष संपताना ५४ च उरतात आणि हातात ९१,००० च्या आसपास पडतात. वर्षाचे एकदाच घेतले की ही कटकट नाही, आणि ज्याचं पहिलं टेंडर मार्चमध्ये लागायचं तो जानेवारीत सोडून जात नाही.

कविता किंवा ललित लिहिणाऱ्याला मात्र हा हिशोब लागू नाही, तिथे वाचक लेखकावरच्या प्रेमाने देतो, किंमत वेगळी ठरते.

आणि हो, वर्षाचे आधी घेतलेले पैसे लगेच आपले नसतात. तिने ते वेगळ्या खात्यात ठेवलेत, अंक गेला की माणशी २४ रुपये काढते, म्हणजे मध्येच थांबावं लागलं तर उरलेल्या अंकांचे पैसे ज्याचे त्याला परत करता येतील.